फ्लामेंकोची दहावी मात्रा

स्पेनच्या दक्षिणेकडील अँडलुसिया प्रांतातले फ्लामेंको प्रथमच ऐकणारा मराठी श्रोता बहुधा एका ठिकाणी अडखळतो. टाळ्या कानावर पडतात, पण सम सापडत नाही. याचे कारण श्रोत्याच्या संस्कारात आहे. आपला कान समेची वाट पहिल्या मात्रेवर पाहतो आणि फ्लामेंकोतील वाक्य पूर्ण होते ते दहाव्या मात्रेवर.

उदाहरणासाठी आम्ही 'सोलेआ' हा संथ, गंभीर प्रकार घेतो. त्याच्या आवर्तनाला, म्हणजे 'कोम्पास'ला, बारा मात्रा असतात. आपल्या एकतालातही त्या बाराच. पण तेथे दोन-दोन मात्रांचे सहा समान विभाग पडतात. सोलेआत आघात येतात ते ३, ६, ८, १०, १२ या मात्रांवर. म्हणजे दोनदा तीन आणि मग तीनदा दोन, अशी असमान चाल. तिसऱ्या मात्रेवर गिटार सहसा मूळ स्वरमेळावरून कोमल ऋषभाच्या मेळावर सरकते आणि दहाव्या मात्रेवर घरी परतते. अकरा आणि बारा या मात्रा श्वास घेण्यासाठी उरतात. श्रोत्याने 'दहा' म्हणताना ही विश्रांती जाणवली, तर मोजणी बरोबर आहे असे समजावे. जाणवली नाही, तर बहुधा त्याने आवर्तनाचा आरंभच चुकीच्या जागी धरलेला असतो.

टाळ्या, म्हणजे 'पाल्मास', दोन प्रकारच्या असतात. दोन्ही तळवे खोलगट करून वाजवलेली टाळी मंद असते; गायक गात असताना तीच शोभते. एका हाताची बोटे दुसऱ्याच्या तळव्यावर आपटून काढलेली कडक टाळी नृत्य व गिटार यांच्यासाठी. गाण्यावर कडक टाळी पडली की शब्द बुडतात. 'बुलेरिया' या द्रुत प्रकारात एक जण मुख्य मात्रा धरतो व दुसरा त्यांच्या मधल्या जागा भरतो. दोघांच्या टाळ्या मिळून इतक्या दाट होतात की नवख्या कानाला आघात कोठला हेच कळेनासे होते. म्हणून आरंभ सोलेआपासून करावा.

इतिहासाकडे पाहिले तर या शिस्तीचे मर्म उलगडते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सेव्हिलसारख्या शहरांतील गायन-कॅफेंमध्ये फ्लामेंको हा व्यवसाय झाला. तेथे गिटारवादक गायकाचा अनुचर होता. गायकाने ओळ लांबवली तर ती कोम्पासमध्ये सामावून घेणे हे त्याचे काम. दोन ओळींमधल्या अवकाशात तो जे छोटे सुरेल तुकडे वाजवी, त्यांना 'फाल्सेता' म्हणतात. रामोन मोन्तोया यांनी १९३६ मध्ये पॅरिसला एकल गिटारच्या ध्वनिमुद्रिका केल्या, तेव्हा हे तुकडेच सलग, स्वतंत्र रचना होऊन बसले. गायक गेला, कोम्पास राहिला. पुढे पाको दे लुसिया यांनी स्वरमेळ कितीतरी गुंतागुंतीचे केले. तरी त्यांच्या सोलेआत दहावी मात्रा शोधणाऱ्याला ती सापडते.

बारा मात्रांच्या साम्यावरून या संगीताचे मूळ थेट भारतीय तालात शोधण्याचा मोह होतो. स्पेनमधील जिप्सींच्या पूर्वजांची भाषा भारतातून गेली, हे भाषाशास्त्राने सिद्ध केले आहे. ताल गेला, याला मात्र पुरावा नाही. संख्या जुळते, चाल जुळत नाही.