जांबचा मृदंग, तंजावरचा मृदंगम्

आमच्या जालना जिल्ह्यात कीर्तनाला पखवाज वाजतो, पण त्याला पखवाज म्हणतं कोण? सगळे मृदंगच म्हणतात. त्यामुळे दक्षिणेतला मृदंगम् प्रथम ऐकला तेव्हा आपलंच वाद्य थोडं चढ्या आवाजात बोलतंय, असं वाटलं होतं.

नातं आहेच. घनसावंगी तालुक्यातलं जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. पुढे तंजावरला भोसल्यांचं राज्य झालं, ते 1855 पर्यंत टिकलं. समर्थ संप्रदायाचे मठ तिथे उभे राहिले, मराठी कीर्तन रुजलं. ओवी, साकी, दिंडी तमिळ हरिकथेत शिरल्या आणि त्यांना साथ मात्र तिथल्या मृदंगम् ची मिळाली. एकोणिसाव्या शतकात तंजावरचे नारायणस्वामी आप्पा हे मराठी वादक त्यासाठीच नावाजले गेले.

दोन्ही वाद्यांच्या उजव्या पुडीवर कायमची शाई असते. डावीला वाजवण्याआधी ओला लेप लावतात. आपल्याकडे भिजवलेली कणीक, तिकडे बहुधा रवा. लेप वाळला की घुमारा जातो आणि आवाज पातळ होतो. फार ओला राहिला तर बद्द वाजतो. लांबलेल्या कीर्तनात वादक मध्येच पाण्याचं बोट फिरवतो, ते यासाठी.

खरा फरक सुरात लावताना दिसतो. पखवाजाच्या वाद्यांखाली लाकडी गठ्ठे असतात. ते डावीकडे ठोकले की वाद्या ताणतात आणि सूर चढतो. उरलेला बारीक फरक गजऱ्यावर हातोडीने काढायचा. मृदंगम् ला असे मोठे गठ्ठे नसतात. तिथे फणसाच्या खोडावर आवळलेल्या पुडीची कडाच दगडाने आणि लाकडी खुंटीने ठोकतात. त्यामुळे सूर फार हलवता येत नाही. खालच्या पट्टीच्या गायकासाठी लांब खोडाचं वाद्यच वेगळं ठेवतात. दोन्हीकडे चूक ओळखायची रीत एकच: कडेभोवती फिरत टिचकी मारायची. एका घरात सूर चढा, समोरच्यात उतरता असेल, तर नाद फाटतो.

बाजाचं म्हणाल तर पखवाज उघड्या पंजाचा, धृपदाचा. चौतालाच्या बारा मात्रांत ‘तिटकत गदिगन धा’ ही तीन मात्रांची तिहाई पाचवीपासून उचलली, तर तिसरा ‘धा’ नेमका समेवर येतो. मृदंगम् मध्ये बोटांचं काम अधिक. ‘त धि गि न तों’ हे पाच अक्षरांचं वाक्य चौपटीत तीनदा घेतलं की पंधरा अक्षरं होतात. आदितालाच्या शेवटच्या चार मात्रांत जागा सोळांची, म्हणून वादक आधी एक अक्षर गप्प राहतो आणि सम वाक्य संपल्यावर येते. आपल्या कानाला ती एक अक्षर उशिरा आल्यासारखी वाटते. मला तरी बरेच दिवस तसंच वाटत होतं.