सिमेंट नोंदवही

सिमेंट नोंदवही : बांधकामाच्या जागी भांडारपालाने ठेवावयाची, सिमेंटच्या गोण्यांची आवक, प्रत्येक काँक्रीटभरणीस झालेला खर्च आणि गोदामातील शिल्लक यांची नित्य रुजवात घालणारी वही. तिच्यात तारीख, चलनाचा क्रमांक, आलेल्या गोण्या, गोणीवर छापलेला उत्पादनाचा आठवडा, दिलेल्या गोण्या, भरणीचे स्थान, अखेरची शिल्लक आणि सह्या असे रकाने असतात. परंतु साध्या साठावहीहून तिला निराळे करणारा रकाना म्हणजे ‘सैद्धांतिक खर्च’ होय. भरलेल्या काँक्रीटच्या मापावरून किती सिमेंट लागावयास हवे होते हे त्यात लिहिले जाते. हा रकाना कोरा ठेवलेली वही चोरी फारतर पकडील, कच्चे काँक्रीट मात्र पकडणार नाही.

सरकारी कामांवर गोदामास दोन कुलपे घालण्याचा रिवाज आहे. एकाची किल्ली कंत्राटदाराकडे आणि दुसऱ्याची अभियंत्याच्या प्रतिनिधीकडे राहते, जेणेकरून दोघांच्या समक्षतेवाचून एकही गोणी बाहेर पडू नये. गोण्या जमिनीपासून उंच फळ्यांवर, भिंतीपासून अंतर राखून आणि दहाहून अधिक थर न चढविता रचल्या जातात. थप्पीच्या सर्व बाजूंनी फिरता येणे अगत्याचे असते, कारण समोरून भरगच्च दिसणारी थप्पी मध्यभागी पोकळ असू शकते. आधी आलेला माल आधी द्यावयाचा असतो. तीन महिन्यांहून जुने सिमेंट पुन्हा तपासल्यावाचून वापरू नये, आणि दमटपणाने दगड झालेली गोणी खर्चात न दडविता ‘निकामी’ म्हणून वेगळी दाखवावी.

रुजवात कशी घातली जाते हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. समजा, गोदामात 86 गोण्या शिल्लक असताना दहा टनांची गाडी येऊन प्रत्येकी 50 किलोग्रॅमच्या 200 गोण्या उतरल्या; एकूण 286 झाल्या. दुसऱ्या दिवशी 80 चौरस मीटर क्षेत्राचा स्लॅब तुळयांसह भरला गेला, आणि रेखाचित्रांवरून काँक्रीटचे घनफळ 15 घनमीटर आले. मिश्रणाच्या संकल्पनेत घनमीटरास 340 किलोग्रॅम सिमेंट ठरलेले असल्याने दर घनमीटरास 6.8, म्हणजे एकंदर 102 गोण्या लागावयास हव्यात. भांडारपालाने सकाळपासून 110 गोण्या दिल्या; संध्याकाळी तीन न फोडता परत आल्या; खर्च 107, शिल्लक 179.

या 107 ला दोन स्वतंत्र साक्षी हव्यात. पहिली रिकाम्या गोण्यांची : त्या रात्रीच मोजून बांधल्या जातात, आणि त्यांची संख्या 107 च भरली पाहिजे. दुसरी मिक्सरवरील मुकादमाने घाण्यागणिक ओढलेल्या रेघांची : एका घाण्यास एक गोणी या हिशेबाने त्या 106 भरल्या, कारण उरलेली एक गोणी जुन्या काँक्रीटच्या सांध्यांवर स्लरी फासण्यात गेली आणि ती मिक्सरमध्ये पडलीच नाही. आता सैद्धांतिक खर्चाहून निघालेल्या पाच गोण्यांच्या तफावतीचा उलगडा करावयाचा. स्लरीची एक आणि त्याच दिवशी भरलेल्या स्तंभांच्या स्टार्टरच्या दोन गोण्या स्लॅबच्या मापात धरलेल्या नव्हत्या, उरल्या दोन. या दोन गोण्यांचे काँक्रीट सुमारे 0.29 घनमीटर होते, आणि 80 चौरस मीटरांवर पसरले असता जाडी केवळ पावणेचार मिलिमीटरांनी वाढते. फळ्यांची साटी एवढी सहज वाकते. तफावत दोन टक्क्यांच्या आत आली, म्हणून कारणासह शेरा लिहून ती मान्य करावी. ती याहून मोठी असती, तर साटी आणि स्लॅबची प्रत्यक्ष जाडी तपासणे हाच पुढील मार्ग.

अधिक खर्चाचा बोभाटा लगेच होतो, कारण त्यात पैसा जातो. परंतु कमी खर्चाकडे आनंदाने पाहण्याची जी प्रवृत्ती आढळते ती घातक आहे. त्याच स्लॅबला 92 गोण्याच लागल्या असत्या, तर दर घनमीटरास 340 ऐवजी सुमारे 307 किलोग्रॅमच सिमेंट पडले, अथवा स्लॅब पातळ भरला गेला, असाच त्याचा अर्थ; दहा गोण्यांची बचत असा नव्हे. ‘बाकी जुळवून’ लिहिलेली वहीही ओळखू येते : दररोज तफावत शून्य, एकाच शाईत आठवडाभराच्या नोंदी, फाटक्या गोणीचा कोठेही उल्लेख नाही. चुकलेला आकडा खोडून वर नवा लिहू नये. एक रेघ मारून, वाचता येईल असा ठेवून, शेजारी सही करावी.

भरणीच्या नोंदीसमोर त्याच काँक्रीटच्या घनठोकळ्यांचे क्रमांक लिहिले जातात, आणि 28 दिवसांनी त्यांच्या दाबबलाचा निकाल आल्यावर त्या दिवशीच्या गोण्यांचा हिशेब पुन्हा उघडून पाहता येतो.