शेगावची बी.ई. स्पॅनिश सीव्हीत

नमुना सीव्हीतला उमेदवार शेगावच्या श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालयातून बी.ई. मेकॅनिकल झाला आहे. पदवी संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाची, म्हणून सीव्हीत आधी विद्यापीठ, मग कॉलेज. 'बॅचलर'साठी 'बाचिय्येर' लिहिण्याचा मोह टाळाच. स्पेनमध्ये 'बाचिय्येरातो' म्हणजे आपली अकरावी-बारावी. चार वर्षे शिकलेला अभियंता तिथे बारावी पास ठरतो. पेरूत मात्र 'बाचिय्येर' ही विद्यापीठाचीच पदवी आहे, तेव्हा अर्ज कुठल्या देशात जातो ते आधी पाहावे. स्पेनमधली 'ग्रादो' ही पदवी बहुधा चार वर्षांचीच, पण तेही नाव उसने घेऊ नये. पदवीला तिथली अधिकृत मान्यता मिळाल्याचा समज होतो. पदवीचे मूळ इंग्रजी नाव तसेच ठेवावे आणि कंसात 'यंत्र अभियांत्रिकीतील चार वर्षांची विद्यापीठीय पदवी, भारत' असा स्पॅनिश खुलासा द्यावा. हुद्द्यांचेही तेच. 'इन्हेनिएरो इंदुस्त्रियाल' हा स्पेनमध्ये कायद्याने नियंत्रित व्यवसाय आहे. म्हणून खामगावच्या कारखान्यातल्या प्रॉडक्शन इंजिनिअरला 'तेक्निको दे प्रोदुक्सियोन' म्हणावे, आणि खाली त्याचे प्रत्यक्ष काम दोन ओळींत सांगावे: कोणती यंत्रे, हाताखाली किती माणसे.