सोनेतारण कर्ज : गंठणावर किती पैसे मिळतात आणि मुदत टळली तर काय होतं?

पेरणीच्या तोंडावर किंवा घरात लग्न निघालं की गावाकडं पहिली आठवण होते ती कपाटातल्या डब्याची. सोनं ठेवलं की तासा-दोन तासात पैसे हातात येतात. पण बँकेत गेल्यावर बऱ्याच जणांची तक्रार असते, "अहो, गंठण तीन लाखाला घेतलं आन् हातात दोनच लाख कसे?" त्याचं उत्तर समजून घेऊ.

रिझर्व्ह बँकेने जून 2025 मध्ये सोनेतारणाचे नवे नियम काढले. 1 एप्रिल 2026 पासून ते सगळ्या बँकांना आणि सोन्यावर कर्ज देणाऱ्या फायनान्स कंपन्यांना बंधनकारक आहेत. घरखर्च, लग्न, दवाखाना अशा कामांच्या कर्जाचं गणित खाली दिलंय. शेतीच्या नावाने काढलेल्या सोनेतारणाचं गणित थोडं वेगळं असतं, ते इथे धरलेलं नाही.

समजा गंठण काट्यावर 32 ग्रॅम भरलं. त्यातले काळे मणी, दोरा, खडे याचं वजन 4 ग्रॅम निघालं, तर बँक धरणार 28 ग्रॅमच. सराफाला दिलेली घडणावळ आणि जीएसटी इथे शून्य. मग शुद्धता तपासतात. दागिना 22 कॅरेटचा निघाला तर 22 चा दर, कमी निघाला तर त्या मानाने किंमत खाली येते. आईच्या-आजीच्या काळातल्या बिनहॉलमार्कच्या दागिन्यात बहुतेक वेळा इथंच फटका बसतो. ही तपासणी तुमच्या समोरच झाली पाहिजे आणि एकूण वजन, निव्वळ वजन, कॅरेट, कपात आणि धरलेली किंमत लिहिलेला दाखला तुम्हाला मिळाला पाहिजे. तो दाखला घेतल्याशिवाय उठू नका.

दर सराफाच्या दुकानातला नसतो. मागच्या 30 दिवसांचा सरासरी दर आणि आदल्या दिवसाचा दर, या दोन्हीत जो कमी तो धरतात. हिशोबाला सोपं जावं म्हणून ग्रॅमला 10,000 रुपये धरू. म्हणजे गंठणाची किंमत झाली 2 लाख 80 हजार.

अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या जास्तीत जास्त 85 टक्के देता येतात. त्यापुढे पाच लाखांपर्यंत 80 टक्के, आणि त्याच्या वर 75 टक्के. आपल्या गंठणाचे 85 टक्के होतात 2 लाख 38 हजार. पण वर्षाखेर मुद्दल-व्याज एकदम भरायचं असेल तर ही मर्यादा व्याजासकट मोजतात. व्याज 12 टक्के असेल तर हातात येतात 2 लाख 12 हजार 500. त्यावरचं 25 हजार 500 व्याज धरलं की बरोबर 2 लाख 38 हजार भरतात. दर महिन्याला हप्ता भरणाऱ्याला व्याजाची ही वजावट लागत नाही. लोक मात्र एकरकमीच घेतात, कारण आपला पैसा वर्षातून एकदाच येतो.

आता मुदत टळली. एकरकमी कर्जाची मुदत जास्तीत जास्त 12 महिने. पैसे नसतील तर मुदतीच्या आतच जाऊन नवं-जुनं करता येतं, पण निदान व्याज तरी रोख भरावं लागतं. व्याज मुद्दलात मिसळून पुढं ढकलायची जुनी सवय आता चालत नाही. आणि सोन्याचा दर पडलेला असेल तर थोडं मुद्दलही मागतील.

काहीच भरलं नाही तर आधी नोटीस येते, मग लिलाव. नोटीस कागदावरच्या पत्त्यावर जाते. पोरगं पुण्याला घेऊन गेलेला मोबाईल नंबर बँकेत तसाच असेल तर पत्ता लागेपर्यंत गंठण गेलेलं असतं. लिलावाची जाहिरात दोन वर्तमानपत्रांत द्यावी लागते, त्यातलं एक आपल्या भाषेतलं. पहिला लिलाव शाखेच्याच जिल्ह्यात करावा लागतो. राखीव किंमत त्या दिवसाच्या किमतीच्या 90 टक्क्यांपेक्षा कमी नको. दोन लिलाव फसले तरच ती 85 वर आणता येते.

समजा तोवर दर 9,500 झाला. गंठणाची किंमत 2 लाख 66 हजार, राखीव किंमत 2 लाख 39 हजार 400. लिलावात आले अडीच लाख. वाढलेलं व्याज आणि खर्च धरून देणं 2 लाख 44 हजार. उरलेले 6 हजार तुमचे, आणि लिलावाचे पूर्ण पैसे आल्यावर सात कामकाजाच्या दिवसांत ते परत द्यावे लागतात. हिशोब मागून घ्या. उलट पैसे कमी पडले, तर उरलेलं देणं तुमच्याकडून वसूल होऊ शकतं. दागिना गेला म्हणजे कर्ज फिटलं असं नाही.

आणि तुम्ही सगळं फेडलं, तर दागिना त्याच दिवशी किंवा फार तर सात कामकाजाच्या दिवसांत हातात मिळाला पाहिजे. त्यांच्या चुकीने त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाईचा नियम आहे.

गावातली पतसंस्था आणि सावकार या नियमांत येत नाहीत. पतसंस्था सहकार खात्याखाली, तर सावकाराला राज्याचा 2014 चा सावकारी कायदा लागू. तिथं सोनं ठेवताना वजन, कॅरेट, व्याजदर आणि मुदत पावतीवर लिहून घ्या.