ऑफर लेटरवर ३० हजार, खात्यात साडेपंचवीस हजार: सॅलरी स्लिप कशी वाचायची?

नवी नोकरी लागते, ऑफर लेटरवर वर्षाला ३ लाख ६० हजारांचं पॅकेज लिहिलेलं असतं. बाराने भागलं की महिन्याला ३० हजार. मग पहिल्या महिन्यात खात्यात २५,४७९ रुपयेच का जमा होतात? उरलेले साडेचार हजार कुठे जातात?

समजा, ही पुण्यातल्या एका खासगी कंपनीतली नोकरी आहे. तिची सॅलरी स्लिप ओळीने वाचूया.

सीटीसी म्हणजे पगार नव्हे

पॅकेज म्हणजे सीटीसी, अर्थात कंपनीचा तुमच्यावर होणारा एकूण खर्च. आपल्या उदाहरणात त्यातले २,५२१ रुपये स्लिपच्या कमाईच्या रकान्यात येतच नाहीत. १,८०० रुपये हा कंपनीने भरायचा पीएफचा वाटा आहे आणि ७२१ रुपये ग्रॅच्युइटीसाठी धरलेले आहेत. ग्रॅच्युइटी दरमहा मिळत नाही. साधारणपणे सलग पाच वर्षं नोकरी झाल्यावर, ती सोडताना मिळते.

हे वजा केलं की उरतात २७,४७९ रुपये. हा झाला ग्रॉस पगार. स्लिपच्या कमाईच्या बाजूला तो असा दिसेल: बेसिक १५,०००, घरभाडे भत्ता ६,००० आणि स्पेशल अलाउन्स ६,४७९. बिनपगारी रजा झाली असेल तर हे आकडे त्या प्रमाणात कमी होतात. म्हणून आधी स्लिपवरचे 'पेड डेज' म्हणजे पगाराचे दिवस बरोबर आहेत का, ते पाहा.

कपात कशाची होते?

दुसऱ्या बाजूला कपाती असतात. आपल्या उदाहरणात त्या दोनच आहेत.

पहिली, पीएफ. बेसिक आणि महागाई भत्ता असल्यास तो, यांच्या बेरजेच्या १२ टक्के. इथे १५ हजारांचे १२ टक्के म्हणजे १,८०० रुपये. बेसिक १५ हजारांपेक्षा जास्त असेल तर काही कंपन्या पूर्ण बेसिकवर पीएफ कापतात, काही १५ हजारांवरच थांबतात. तुमच्याकडे काय पद्धत आहे, हे एचआरला विचारून घ्या.

दुसरी, व्यवसाय कर, म्हणजे स्लिपवरचा 'पीटी'. महाराष्ट्रात या पगारावर तो महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये असतो. महिलांना महिन्याला २५ हजारांपर्यंतच्या पगारावर तो लागत नाही. इथे ग्रॉस त्याच्या वर असल्याने लागेल.

टीडीएसचा रकाना मात्र शून्य असेल, कारण वर्षाला सुमारे ३.३० लाखांच्या पगारावर नव्या करप्रणालीत आयकर भरावा लागत नाही.

आता हिशोब: २७,४७९ वजा १,८०० वजा २०० म्हणजे २५,४७९ रुपये. हा नेट पे, म्हणजेच हातात येणारा पगार. फेब्रुवारीत तो शंभर रुपयांनी कमी दिसेल.

पीएफ खरंच जमा होतोय का?

स्लिपवर कपात दिसली, म्हणजे पैसे पीएफ खात्यात पोहोचले असं होत नाही. कंपनीने ते पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचे असतात. ते भरले की नाही, हे स्लिपवरून कळत नाही. त्यासाठी यूएएन क्रमांक वापरून ईपीएफओच्या वेबसाइटवर किंवा उमंग अ‍ॅपवर पासबुक उघडावं लागतं.

तिथे त्या महिन्यापुढे तीन आकडे दिसतात. कर्मचाऱ्याचा वाटा १,८००, कंपनीचा वाटा ५५० आणि पेन्शन १,२५०. कंपनीने १,८०० ऐवजी ५५० रुपयेच भरले, असं इथे अनेकांना वाटतं. तसं नाही. कंपनीच्या १२ टक्क्यांपैकी ८.३३ टक्के पेन्शन योजनेत जातात आणि उरलेले पीएफमध्ये. ५५० आणि १,२५० मिळून १,८०० होतात.

ज्यांनी १ सप्टेंबर २०१४ किंवा त्यानंतर पहिल्यांदा पीएफचं सदस्यत्व घेतलं आणि तेव्हाच ज्यांचं बेसिक १५ हजारांच्या वर होतं, त्यांच्या पासबुकात पेन्शनचा रकाना शून्य असतो. त्यांचा कंपनीचा सगळा वाटा पीएफमध्येच जायला हवा.

खरी गडबड वेगळी दिसते. स्लिपवर दर महिन्याला १,८०० कापलेले असतात, पण पासबुकात त्या महिन्याची नोंदच नसते. पैसे भरल्यावरही नोंद दिसायला थोडे दिवस लागू शकतात, त्यामुळे एका महिन्याची नोंद उशिरा आली तर लगेच घाबरू नका. दोन-तीन महिने रिकामे असतील तर एचआरला ईमेलवर लेखी विचारा. उत्तर मिळालं नाही, तर ईपीएफओच्या ईपीएफआयजीएमएस या तक्रार पोर्टलवर यूएएन देऊन तक्रार करता येते. तेव्हा कपातीचा पुरावा म्हणून त्या महिन्यांच्या स्लिपच उपयोगी पडतात. नोकरी सोडल्यावर कंपनीचं पोर्टल बंद होतं, म्हणून प्रत्येक स्लिपची पीडीएफ दर महिन्याला स्वतःकडे उतरवून ठेवा.