प्रस्तावांचे गुणांकन : गरज मोठी की तयारी?

निधी थोडा आणि मागणी अधिक असली की निवड समिती प्रस्तावांना गुण देते. गरज, व्यवहार्यता, अंदाजपत्रक आणि परिणाम हे त्याचे नेहमीचे निकष. निकाल मात्र बहुतेकदा ठरतो तो प्रस्ताव उघडण्यापूर्वीच, निकषांना दिलेल्या भारांकामुळे.

केंद्राच्या 'स्मार्ट सिटी' स्पर्धेत २०१५ साली पहिल्या टप्प्यात राज्यांनी आपापल्या शहरांना १०० पैकी गुण दिले. विद्यमान सेवांना २५, संस्थात्मक क्षमतेला १५, स्वतःचे उत्पन्न उभारण्याच्या ताकदीला ३० आणि पूर्वीची कामगिरी व सुधारणांना ३० गुण होते. 'गरज' असा स्वतंत्र निकष त्यात नव्हता. मागासलेल्या शहरापेक्षा सज्ज शहराला पैसा द्यावा, हे धोरण या आकड्यांतच दडलेले होते. नागपूर या चाळणीतून पुढे गेले. पण दुसऱ्या टप्प्यातील तज्ज्ञांच्या छाननीनंतर २८ जानेवारी २०१६ रोजी जाहीर झालेल्या पहिल्या २० शहरांत त्याचे नाव नव्हते. ते आले २० सप्टेंबर २०१६ च्या यादीत.

भारांकाचा प्रभाव एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. मलवाहिन्या नसलेल्या वस्तीच्या प्रस्तावास दहापैकी गरजेचे ९, व्यवहार्यतेचे ४, अंदाजपत्रकाचे ६ व परिणामाचे ९ गुण मिळाले. बाजारपेठेतील वाहनतळाला त्याच क्रमाने ५, ९, ८ व ६. चारही निकष समान धरले तर दोघांनाही शंभरपैकी ७०! व्यवहार्यतेला ४० टक्के आणि इतरांना प्रत्येकी २० टक्के भार दिला की वस्ती ६४ वर येते, वाहनतळ ७४ वर जातो. हाच ४० टक्के भार गरजेला दिल्यास वस्तीला ७४ आणि वाहनतळाला ६६. गुण तेच, विजेता वेगळा.

बेरजेचा आणखी एक दोष असा, की व्यवहार्यतेतील ४ गुणांची उणीव इतर निकषांच्या गुणांनी झाकली जाते. म्हणून जाणत्या समित्या प्रत्येक निकषासाठी किमान गुणांची अट ठेवतात. व्यवहार्यता तपासताना आराखड्याच्या सफाईपेक्षा तीन गोष्टी पाहाव्यात : जमीन ताब्यात आहे काय, परवानग्या मिळाल्या आहेत काय आणि पुढील देखभालीचा खर्च कोण करणार. नागपूरने क्षेत्रविकासासाठी पारडी, भरतवाडा, पुनापूर हा पूर्वेकडील भाग निवडला. गरज निर्विवाद होती; परंतु नगररचना योजनेतून रस्त्यांना जागा मिळवताना बाधित घरांचा प्रश्न उभा राहिला आणि रहिवाशांचा विरोधही झाला. अशा अडचणीचे गुण जमिनीच्या नोंदी व वस्तीतील पाहणीवरूनच द्यावे लागतात. सादरीकरणात ती दिसत नाही.

सदस्यांनी आधी स्वतंत्रपणे गुण द्यावेत, चर्चा नंतर. एकाने ८ आणि दुसऱ्याने ३ दिले असतील, तर सरासरी ५.५ काढून पुढे जाण्याऐवजी दोघांकडून लेखी कारण घ्यावे. बऱ्याचदा एकाने 'परिणाम' म्हणजे लाभार्थ्यांची संख्या मानलेली असते, तर दुसऱ्याने त्यांच्या जीवनात पडणारा फरक.