संरक्षित कृषिक्षेत्र, तंजावर : कायदा आणि त्याविषयीचे नित्याचे गैरसमज

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील शेतजमिनीवर काही ठरावीक स्वरूपाचे नवे औद्योगिक प्रकल्प येऊ नयेत, या हेतूने तमिळनाडूच्या विधानसभेने फेब्रुवारी २०२० मध्ये जो कायदा संमत केला, त्याने अंकित झालेल्या प्रदेशास संरक्षित कृषिक्षेत्र म्हणतात. कायद्याचे संपूर्ण नाव ‘तमिळनाडू संरक्षित कृषिक्षेत्र विकास अधिनियम, २०२०’ असे आहे. त्याच्या पहिल्या अनुसूचीत प्रदेश आणि दुसऱ्या अनुसूचीत निषिद्ध प्रकल्प नमूद केले आहेत. आणि सामान्य वाचकाच्या मनात या कायद्याविषयी जे गोंधळ दिसतात, त्यांतील बहुतेक या दोन अनुसूच्या न वाचता केवळ ‘संरक्षित’ या शब्दावरून तर्क बांधल्यामुळे उत्पन्न झाले आहेत.

कायद्याची पार्श्वभूमी प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. ज्या कावेरीच्या महसुलावर १६७६ पासून १८५५ पर्यंत तंजावरचे भोसले राज्य उभे राहिले, त्याच गाळाच्या जमिनीखाली खनिज तेल व वायू यांचे साठे आहेत, आणि गेल्या शतकाच्या अखेरीपासून तेल व नैसर्गिक वायू महामंडळाच्या विहिरी नागपट्टिणम, तिरुवारूर आणि तंजावर या जिल्ह्यांत भातखाचरांना लागूनच चालू आहेत. मेट्टूर धरणाचे पाणी परिपाठाने १२ जूनला सुटल्यावर होणारे कुरुवै पीक आणि त्यापुढील सांबा व ताळडी ही पिके ज्या शेतकऱ्याच्या वर्षाचा सर्व हिशेब ठरवितात, त्याला खोल वेधनामुळे भूजल दूषित होईल अथवा खारे पाणी आत शिरेल हे भय वाटणे स्वाभाविकच होते. मन्नारगुडी परिसरातील कोळशाच्या थरांतून मिथेन काढण्याच्या योजनेला याच भयातून विरोध झाला. पुढे २०१७ साली पुदुक्कोट्टै जिल्ह्यातील नेडुवासल येथे आंदोलन उभे राहिले, आणि त्याच वर्षी जूनच्या अखेरीस तंजावर जिल्ह्यातील कदिरमंगलम येथे महामंडळाच्या नळातून तेल फुटून शेतात आल्यावर ग्रामस्थ आणि पोलीस यांच्यात संघर्ष झाला. जानेवारी २०२० मध्ये केंद्र सरकारने पर्यावरणविषयक अधिसूचनेत दुरुस्ती करून तेल व वायूच्या अन्वेषणासाठी जनसुनावणीची अट काढून टाकली, तेव्हा असंतोष पुन्हा भडकला. आणि महिना उलटण्यापूर्वीच, ९ फेब्रुवारीस, तत्कालीन मुख्यमंत्री एडप्पाडी पळनिस्वामी यांनी सेलम जिल्ह्यातील तलैवासल येथे या क्षेत्राची घोषणा केली.

येथेच पहिल्या आणि सर्वांत टिकाऊ गैरसमजाचे मूळ आहे. त्या घोषणेत तंजावर, तिरुवारूर, नागपट्टिणम, कडलूर आणि पुदुक्कोट्टै यांच्या जोडीला तिरुचिरापल्ली, अरियलूर व करूर या जिल्ह्यांचाही उल्लेख होता. परंतु २० फेब्रुवारीस जे विधेयक संमत झाले, त्यात हे तीन जिल्हे नव्हते. पहिल्या अनुसूचीत तंजावर, तिरुवारूर व नागपट्टिणम हे जिल्हे समग्र आहेत, तर कडलूर व पुदुक्कोट्टै यांतील प्रत्येकी पाच विकासगटच घेतले आहेत. विधेयक निवड समितीकडे पाठवावे ही विरोधी पक्षाची मागणी अमान्य झाल्याने ही तफावत सभागृहात फारशी तपासली गेली नाही, आणि लोकांच्या स्मरणात जाहीर सभेतील जिल्ह्यांची नावेच राहिली. म्हणून ‘संपूर्ण कावेरी खोरे संरक्षित झाले काय’ या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट नकारार्थी आहे. भूगर्भशास्त्रज्ञ ज्याला कावेरी खोरे म्हणतात, ते दक्षिणेस रामनाथपुरमपर्यंत पसरले आहे, आणि तेथे हा कायदा मुळीच लागू नाही. त्याहून विशेष गोष्ट कारैकालची. समुद्राची बाजू सोडता या त्रिभुज प्रदेशाने वेढलेला, भातशेतीचाच असलेला, आणि महामंडळाच्या कावेरी विभागाचे ठाणे असलेला हा जिल्हा पुदुच्चेरीच्या अमलाखाली येत असल्याने तमिळनाडूच्या विधानसभेचा हुकूम त्याच्या शिवेशी थांबतो. मयिलाडुतुरै जिल्हा २०२० च्या अखेरीस नागपट्टिणममधून वेगळा काढला गेला. त्याचे नाव मूळ अनुसूचीत नव्हते म्हणून तो बाहेर पडला असे काहींनी मानले. वास्तविक तो भूभाग आरंभापासून क्षेत्रात होता, आणि २०२३ मधील दुरुस्तीने त्याचे नावही अनुसूचीत आले.

दुसरा प्रश्न जमीनमालकाचा असतो, आणि तंजावर शहराच्या भोवती अद्याप थोडीबहुत शेती राखून असलेल्या मराठी कुटुंबांनाही तो पडतो: जमीन विकता येईल काय, तिच्यावर घर अथवा भाताची गिरणी उभारता येईल काय? कायद्यात जमिनीच्या खरेदी-विक्रीवर मनाई नाही, आणि सरसकट सर्व उद्योगांवरही नाही. दुसऱ्या अनुसूचीत जस्त, तांबे व अ‍ॅल्युमिनियम गाळण्याचे कारखाने, लोहखनिजावरील प्रक्रिया व एकात्मिक पोलाद कारखाना, चामडी कमावण्याचे उद्योग, हाडे-शिंगे-खूर यांवरील प्रक्रिया, जहाजे मोडण्याचा उद्योग, आणि तेल व नैसर्गिक वायू यांचे अन्वेषण, वेधन व उत्खनन ही कामे आहेत. तेल व वायूच्या नोंदीत कोळशाच्या थरांतील मिथेन, शेल वायू आणि तत्सम हायड्रोकार्बन यांचा स्पष्ट समावेश आहे. घरबांधणी व भाताची गिरणी या यादीत नाहीत. शेतीची जमीन निवासी भूखंडांत रूपांतरित होते तेव्हा जे परवाने लागतात, ते नगररचनेच्या व महसुलाच्या इतर कायद्यांखालील आहेत, आणि त्या बाबतीत हा कायदा शेतजमिनीची ढाल बनत नाही. त्रिभुज प्रदेशातील जमिनीची घट केवळ तेलविहिरींमुळे होत नसून शहरांच्या वाढीमुळेही होते, हे ज्याला दिसते त्याला या कायद्याची मर्यादा येथे तीव्रतेने जाणवावी.

तिसरा गैरसमज आशेतून जन्मलेला आहे. कायदा लागू झाला की जुन्या तेलविहिरी बंद होतील, असे पुष्कळ गावांत मानले गेले. परंतु निषेध आहे तो नव्या प्रकल्पांना व नव्या कामांना; कायद्यापूर्वी जी कामे चालू होती, त्यांना त्याची बाधा पोहोचत नाही. त्याचप्रमाणे बंदरे, नळमार्ग, रस्ते, दूरसंचार, वीज व पाणीपुरवठा यांसारखी पायाभूत कामे निषेधातून वगळली आहेत. या सवलतीचा अर्थ कदिरमंगलमच्या उदाहरणाने नीट उमगतो. तेथे तेल फुटले ते विहिरीतून नव्हे, नळातून. आणि तो नळ व त्याला जोडलेल्या विहिरी २०२० च्या आधीच्या आहेत. अर्थात ज्या घटनेने या कायद्याच्या मागणीला बळ दिले, तीच घटना उद्या पुन्हा घडली, तर तिचा बंदोबस्त या कायद्याने होणार नाही. त्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आणि नुकसानभरपाईच्या सामान्य कायद्याकडेच जावे लागेल. आपल्या गावातील एखादे काम ‘नवे’ आहे की जुन्या विहिरीची डागडुजी आहे, हे ठरविताना जमिनीवर नवे वेधन होत आहे काय, आणि त्यासाठी नव्याने पर्यावरणविषयक मंजुरी मागितली आहे काय, या दोन गोष्टींची चौकशी करणे उपयुक्त ठरते. कारण यंत्रसामग्री गावात आली एवढ्यावरून काम नवे ठरत नाही, आणि कंपनीने त्याला देखभाल म्हटले एवढ्यावरून ते जुनेही ठरत नाही.

चौथा प्रश्न अधिकाराचा: तेल व खनिज तेलाची साधने हा विषय राज्यघटनेच्या संघसूचीत असता राज्याने त्याला मनाई कशी केली? राज्याची भूमिका अशी की शेती व जमीन हे विषय राज्यसूचीत आहेत, आणि आपण तेलाचे नियमन करीत नसून शेतजमिनीच्या वापराचे नियमन करीत आहोत. शिवाय भूप्रदेशावरील तेलाचा खाणपट्टा केंद्राच्या पूर्वसंमतीने राज्य सरकारच देते. त्यामुळे राज्याचा नकार हा केवळ भावनेचा उद्गार राहत नाही. तरीसुद्धा या प्रश्नाची खरी परीक्षा कशी झाली, किंवा अधिक नेमके सांगायचे तर कशी टळली, हे वडसेरीच्या प्रकरणात पाहावे.

मार्च २०२३ च्या अखेरीस केंद्रीय कोळसा मंत्रालयाने लिलावासाठी जे खाणपट्टे जाहीर केले, त्यांत तंजावर जिल्ह्यातील वडसेरी, कडलूर जिल्ह्यातील सेतियातोपच्या पूर्वेचा पट्टा आणि अरियलूर जिल्ह्यातील मायकेलपट्टी असे लिग्नाइटचे तीन पट्टे होते. मुख्यमंत्री मु. क. स्टालिन यांनी ४ एप्रिलला पंतप्रधानांना पत्र लिहिले व २०२० च्या कायद्याचा आधार घेतला. वस्तुतः दुसऱ्या अनुसूचीत तेव्हा लिग्नाइट वा कोळसा यांच्या खाणीची स्वतंत्र नोंद नव्हती. मिथेनसारखे हायड्रोकार्बन होते, आणि त्या नोंदीच्या कक्षेत लिग्नाइटची खाण बसते की नाही यावर उभय बाजूंनी गंभीर युक्तिवाद होऊ शकला असता. तो प्रसंग आलाच नाही. ८ एप्रिल रोजी केंद्रीय मंत्री प्रल्हाद जोशी यांनी सहकारी संघराज्याच्या भावनेचा उल्लेख करून तिन्ही पट्टे लिलावातून काढून टाकल्याचे जाहीर केले. मायकेलपट्टी संरक्षित क्षेत्राच्या बाहेर असूनही तीही वगळली गेली, यावरून हा निर्णय कायद्याच्या अर्थनिर्णयाने नव्हे, तर राजकीय समजुतीने झाला हे उघड होते. म्हणून ‘वडसेरीच्या वेळी कायदा जिंकला’ असे जे सांगितले जाते, ते अपुरे आहे. कायद्याने राज्याच्या हाती एक हरकत दिली, केंद्राने ती मान राखून ऐकली, आणि कायद्याचा तो शब्द मात्र तेव्हा अनिर्णीतच राहिला. अनुसूचीत लिग्नाइटचे नाव स्पष्टपणे घालणे हा यावरचा सरळ उपाय होता.

उल्लंघनाची शिक्षा सौम्य नाही: सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाख रुपयांपर्यंत दंड. क्षेत्राच्या विकासासाठी मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली एक प्राधिकरणही कायद्याने नेमले आहे, आणि त्यामुळे पाणी, भाव, विमा या सर्वांची हमी आता मिळाली असे समजण्याकडे कल होतो. परंतु कावेरीच्या पाण्याचा वाटा सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०१८ च्या निवाड्याने व त्यानंतर स्थापन झालेल्या कावेरी जल व्यवस्थापन प्राधिकरणाने ठरतो. भाताची खरेदी शासकीय खरेदी केंद्रांच्या नियमांनी होते. प्राधिकरण शिफारस करू शकते, पण मेट्टूरचे दरवाजे उघडणे त्याच्या हाती नाही. सांबा पीक पाण्यावाचून वाळत असता जो शेतकरी या कायद्याकडे बोट दाखवितो, त्याला त्याच्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळणार नाही. त्याने आपला अर्ज जलसंपदा खात्याकडे व जिल्हाधिकाऱ्याकडे न्यावा.